आत्तीच्या गाड्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

कोल्हापुरात रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत्तीचा नाष्ट्याचा गाडा आहे. मिसळ, कट वडा, वडा-पाव, कांदाभजी आणि चहा एवढंच मिळतं. तिला स्टेटसला लावायला आणि गल्लीतल्या ग्रुपवर फिरवायला एक व्हिडिओ पाहिजे. त्यात पदार्थ दिसावेत, ते करताना दिसावेत आणि दर दिसावेत. तिचं म्हणणं, "दर मोठ्ठा लिही. माणूस लांबनं बघतोय, विचारायला लाजतोय आणि तसाच पुढं जातोय." मी तीस सेकंद ठरवले. पाच पदार्थांना प्रत्येकी पाच सेकंद, उरलेल्या पाचांत गाडा आणि पत्ता.

मामांनी वर्षभरात काढलेले वीसेक क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. लॅपटॉपवर उघडले तर रुंदी फक्त ४७८ पिक्सेल. फोनात मूळ १०८० होती, पाठवताना दाबली गेली. मटकीचे दाणे एकमेकांत मिसळून पिठल्यासारखे दिसत होते. मूळ क्लिप मामांनी जागा करायला पुसून टाकलेले. म्हणजे सगळं नव्याने काढायचं. एक गोष्ट मात्र त्यांना आजच शिकवली: क्लिप पाठवताना गॅलरीतून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. तसा गेला की जसा आहे तसा पोचतो.

खर्च: फोन धरणारा क्लॅम्प २२० रुपये, छोटा ट्रायपॉड ४५० रुपये.

४ नोव्हेंबर

संध्याकाळी सहा ते साडेआठ शूट. सगळं वाया.

सेकंदाला तीस फ्रेम असतील तर शटर त्याच्या दुप्पट, म्हणजे १/६० सेकंद ठेवायचं, असं कुठंतरी वाचलं होतं. तसं ठेवलं. फोनच्या पडद्यावर ठीक दिसत होतं, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर गाड्याच्या स्टीलवर काळपट आडवे पट्टे वर सरकताहेत. कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/६० असलं की एका फ्रेममध्ये एक पूर्ण झपका आणि दुसऱ्याचा अर्धामुर्धा तुकडा येतो, आणि तो तुकडा फ्रेमच्या प्रत्येक ओळीला वेगळा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की झपके पूर्ण मोजून येतात आणि पट्टे जातात.

परत जाऊन पाच मिनिटांत खात्री केली. १/६० ला पट्टे, १/५० ला साफ. शेजारच्या मोबाइल दुकानाची पळती अक्षरं मात्र १/५० लाही लुकलुकत राहिली. ती पाटी स्वतःच्या वेगळ्याच वेगाने लुकलुकते, तिच्यावर हा उपाय चालत नाही. फ्रेममध्ये घ्यायचीच नाही.

कढईत वडा सोडतानाचा स्लो मोशनही काढला होता. तो तर बघवत नाही. सेकंदाला १२० फ्रेम म्हटल्यावर प्रत्येक फ्रेमला झपक्याचा वेगळाच भाग मिळतो, सगळं चित्र धडधडत राहतं. यावर शटरचा उपायही नाही, कारण १२० फ्रेमला १/१०० शटर मावतच नाही. स्लो मोशन करायचा तर उन्हात.

५ नोव्हेंबर

सकाळी पावणेसात ते नऊ. गाडा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मी गाड्याच्या आतल्या बाजूने, उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. वाफ अशीच दिसते. उजेड वाफेच्या मागून आला पाहिजे आणि वाफेच्या मागे काहीतरी काळं पाहिजे. समोरून उजेड पडला की वाफ असूनही नसल्यासारखी. मागे काळं म्हणून मामांची छत्री उघडून स्टुलावर ठेवली.

पहिल्या दहा मिनिटांतल्या क्लिपवर दुधट झाक आली. मला वाटलं, उन्हामुळे. नंतर लेन्सवर बोट फिरवलं तर तेलकट. कढईपासून दोन फुटांवर फोन ठेवला की तेलाचे बारीक कण लेन्सवर बसतातच. तेव्हापासून दर दोन क्लिपना चष्म्याच्या फडक्याने पुसायला लागलो. शर्टाच्या टोकाने पुसू नका, तेल नुसतं पसरतं.

आता मुख्य शॉट: मिसळीवर कट ओतणे. आमच्याकडे मिसळ म्हणजे कटच. बाकी मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, फरसाण, कांदा ही तयारी, आणि वरून लाल तवंगाचा कट पडला की डोळ्यांत पाणी. हा शॉट सात वेळा घ्यावा लागला, आणि प्रत्येक वेळी वेगळं कारण.

पहिल्या दोन वेळा फोकस वाफेवर धावला. मिसळ धूसर, वाफही धूसर. डिशवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक केले. तिसऱ्या वेळी एक गंमत झाली, जी समजायला मला वेळ लागला. पळी रिकामी होत आली तशी स्टीलची डिश हिरवट-निळसर दिसायला लागली. फ्रेम लाल रंगाने भरली की फोनला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो 'दुरुस्ती' करायला उलटा रंग मिसळतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५००० वर बांधून टाकला. चौथ्या वेळी कट तापलेल्या लोखंडासारखा नुसता लाल डाग झाला, तवंग वेगळा दिसेना. उजेड एक टप्पा कमी केला. पाचव्या वेळी मामांचा हात मध्ये. सहाव्या वेळी सगळं जमलं, पण तोवर फरसाण भिजून बसलं होतं, कारण मी तीच डिश पुन्हा वापरत होतो. कट पडल्यावर फरसाण मिनिटभरच ताठ राहतं.

सातव्या वेळी डिश नवी. आधी रिकाम्या डिशवर फ्रेम, फोकस, रंग सगळं बांधलं, मग आत्तीने भरलेली डिश तिथं ठेवली आणि लगेच कट ओतला. चार सेकंद, एका फटक्यात. हे पहिल्यापासून केलं असतं तर बाकी डिश वाचल्या असत्या. वाया काही गेलं नाही तसं, मी दोन खाल्ल्या आणि मामांनी एक. आत्तीने तरी हिशोबात तीन मिसळी माझ्या नावावर लिहिल्यात, २१० रुपये.

एक क्लिप चांगला असून फेकला. त्यात भजी कढईतून काढून वर्तमानपत्रावर टाकलेली दिसत होती. खाण्याचे पदार्थ छापील वर्तमानपत्रात ठेवायला किंवा बांधायला अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, आणि आपणच त्याचा व्हिडिओ करून गावभर फिरवायचा म्हणजे कमाल. आत्तीने जाळीची चाळण घेतली, भजी पुन्हा तळली. चाळणीतून तेल टपकताना उलट जास्त छान दिसलं.

७ नोव्हेंबर

फोनवरच्या एडिटिंग अ‍ॅपात जोडणी. क्लिप ओळीने लावायला तास पुरला, दर टाकायला तीन.

अ‍ॅपातली अक्षरं एकेक करून उड्या मारत येणारी होती, ती निवडली. 'वडा-पाव' बरा आला. 'मिसळ प्लेट' आली ती अशी: आधी म, मग एका ठिपक्यांच्या गोळ्याला लटकलेली वेलांटी, मग स, ळ, मग पाय मोडका प, मग ल, मग पुन्हा गोळ्यावर मात्रा. शेवटच्या क्षणी सगळं एकत्र येऊन नीट शब्द होतो, पण तोवर बघणारा पुढे गेला. त्या अ‍ॅपाला 'अक्षर' म्हणजे काय ते माहीत नाही, तो कोडचा एकेक तुकडा मोजतो. तेव्हा देवनागरीत अक्षर-अक्षर येणारी हालचाल घेऊ नका. पूर्ण शब्द एकदम येऊ दे, सरकत किंवा उजळत.

एका सजावटीच्या फॉन्टमध्ये ₹ च्या जागी चौकोन आला. हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते असायचं काही कारण नाही. 'मुक्त' फॉन्ट उतरवून घेतला. फुकट आहे, जोडाक्षरं नीट आहेत, ठळक रूप लांबूनही वाचता येतं.

दर खाली टाकले होते, टीव्हीवर बातम्यांची पट्टी असते तसे. रील म्हणून चढवून बघितलं तर तिथंच खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं. 'कट वडा' दिसत होतं आणि किंमत बटणामागे. सगळे दर वरच्या तिसऱ्या भागात हलवले. पूर्ण व्हिडिओ तयार करून फोनात साठवला. जागा संपली म्हणून अ‍ॅपातला प्रोजेक्ट पुसला. हे वाक्य लक्षात ठेवा.

८ नोव्हेंबर

आत्तीला दाखवला. खूश. मामांनी मी थांब म्हणायच्या आत गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

मग आत्ती म्हणाली, "मिसळ सत्तर लिहिलंयस व्हय? पंधरा तारखेपासनं ऐंशी करायचं ठरलंय. तेल बघितलंस का कितीला गेलंय?"

दर चित्रातच कायमचे बसलेले, प्रोजेक्ट पुसलेला. मूळ क्लिप होते म्हणून बरं. चार तास गेले.

रात्री विचार केला. या व्हिडिओत कट वर्षभर तसाच ओतला जाणार आहे, आत्तीचा हात तोच, कढई तीच. बदलणार तो फक्त दर. आणि मी तोच सगळ्यात घट्ट चिकटवला होता. तेव्हा चित्राचा एक कोरा व्हिडिओ करायचा, ज्यात एकही अक्षर नाही, आणि दर वेगळ्या फाइलीत ठेवायचे. दर बदलला की फाइलीतला आकडा बदलून दोन्ही पुन्हा एकत्र करायचे.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर लॅपटॉपवर. कोरा व्हिडिओ पुन्हा जोडला, नाव `kora.mp4`. दर चढवायला `ffmpeg` घेतलं, आज्ञा लिहून चालवायचा कार्यक्रम, फुकट आहे आणि माझ्या दहा वर्षांच्या लॅपटॉपवरही चालतं.

आधी त्यातलं `drawtext` वापरलं. 'कट वडा' बरोबर. 'वडा-पाव' बरोबर. 'कांदाभजी', 'चहा' बरोबर. म्हटलं झालं काम. शेवटी सगळा व्हिडिओ चालवला तर आत्तीच्या गाड्यावर 'मसिळ' मिळायला लागली होती.

ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण काढायची असते आधी. ती उचलून पुढे आणायचं काम एक वेगळा भाग करतो, आणि माझ्याकडच्या जुन्या `ffmpeg` मध्ये `drawtext` ला तो जोडलेला नव्हता. माझ्या पाचपैकी चार नावांत ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षरही नाही, म्हणून ती सुटली. तुम्ही तपासताना 'स्पेशल मिसळ प्लेट' हे लिहून बघा. यात दोन जोडाक्षरं आणि एक वेलांटी आहे. हे नीट आलं तर बाकी सगळं येईल.

मग उपशीर्षकांची `.ass` फाइल केली. ती वाचणारा भाग देवनागरी नीट जुळवतो. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक दराला एक ओळ, सुरुवात आणि शेवट वेळेसकट:

```
Dialogue: 0,0:00:04.00,0:00:08.50,Dar,,0,0,0,,मिसळ ₹७०
Dialogue: 0,0:00:09.20,0:00:13.00,Dar,,0,0,0,,कट वडा ₹४०
```

पहिल्या वेळी पूर्ण पडद्यावर फक्त एक 'मि' आला, बाकी बाहेर. फाइलीतल्या `Dar` या शैलीत अक्षराचा आकार ८४ दिला होता, तो बरोबर होता. पण पडदा किती मोठा धरायचा ते फाइलीत सांगितलं नाही तर ती २८८ ओळींचा छोटा पडदा धरते, आणि मग ८४ म्हणजे भिंतीएवढं अक्षर होतं. फाइलीच्या वरच्या भागात, `[Script Info]` च्या खाली, या दोन ओळी पाहिजेतच:

```
PlayResX: 1080
PlayResY: 1920
```

दुसरा तासभर गेला तो पत्त्यात. आज्ञेत `C:\` पासून पूर्ण पत्ता दिला की त्यातल्या `:` मुळे ती अडते. सगळ्या फाइली एका फोल्डरात ठेवल्या, त्या फोल्डरात जाऊन नुसतं नाव दिलं. फॉन्ट `fonts` नावाच्या आतल्या फोल्डरात. शेवटी चाललेली आज्ञा:

```
ffmpeg -i kora.mp4 -vf "ass=dar.ass:fontsdir=fonts" -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a copy tayar.mp4
```

अक्षरांमागे काळा अर्धपारदर्शक पट्टा ठेवला. नुसती पांढरी अक्षरं स्टीलवर आणि वाफेवर हरवतात, आणि कटावर लाल-पिवळी तर अजिबात उठत नाहीत.

१० नोव्हेंबर

सोमवार, गाडा बंद. आवाजाचं काम.

भज्यांचा शॉट मी अकरा मिनिटांच्या एका लांब क्लिपमधून कापला होता. त्यात पीठ कढईत पडून जातं आणि चुर्रर्र मागाहून वाजतंय. फोन सेकंदाला तीस फ्रेम म्हणतो खरा, पण उजेड कमी पडला की मध्येच कमी काढतो, आणि आवाज मात्र आपल्या गतीने चालू असतो. जोडणी करणारा कार्यक्रम सगळीकडे तीस धरतो, आणि क्लिप जितकी लांब तितकी फारकत. कापण्याआधी क्लिप ठरावीक गतीची करून घेतली:

```
ffmpeg -i bhaji.mp4 -vf "scale=1080:1920,fps=30" -c:v libx264 -crf 18 -c:a aac bhaji30.mp4
```

मग जुळलं. तरी मूळ आवाजात अर्धा भाग बर्नरचा घोंगाट आणि केएमटीची बस. म्हणून मामांना घरी बसवून साध्या गॅसवर, मंद आचेवर चार भजी तळायला लावली आणि दुसरा फोन हातभर अंतरावर धरून फक्त आवाज घेतला. तो तीन ठिकाणी वापरला. वड्याच्या शॉटलाही भज्यांचाच आवाज आहे, आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गाणं घातलं नाही. सिनेमाचं गाणं घातलं की आवाज बंद व्हायची टांगती तलवार, आणि कट ओतल्याचा आवाज त्याखाली जातो तो वेगळाच.

१२ नोव्हेंबर

तीन माणसांना एकदाच दाखवून विचारलं, काय कितीला? आत्तीच्या शेजारच्या आजी, कॉलेजचा एक मुलगा आणि माझा इंग्रजी शाळेतला भाचा.

आजींना सगळे दर सांगता आले. कॉलेजच्या मुलाला चहाचा सांगता आला नाही, कारण तो दीड सेकंदच पडद्यावर होता. नाव आणि आकडा दोन्ही वाचायला अडीच सेकंद तरी लागतात. चहाचा वेळ वाढवला आणि गाड्याचा एक शॉट कमी केला.

भाच्याने सांगितलं, "चहा नव्वद?" त्याला १ आणि ९ यांत गोंधळ होतो. आधी हसलो. मग आठवलं, गाड्यावर येणारी निम्मी कॉलेजची पोरं अशीच आहेत. बरीच चर्चा झाली. आत्तीचं म्हणणं, पाटीवर मराठी आकडे आहेत, व्हिडिओतही तेच पाहिजेत. शेवटी तिचंच चाललं, फक्त मी आकडा नावापेक्षा दीडपट मोठा केला. भाचा आता बरोबर वाचतो, पण तो चार वेळा बघून झालाय, त्याचं मत धरता येत नाही.

स्टेटसला लावून बघितलं. पुन्हा दाबला जातो, कटाच्या लाल भागात चौकोन पडतात. दर मात्र स्वच्छ वाचता येतात, पट्ट्यामुळे. कट थोडा बिघडला तर चालेल असं ठरवलं.

१५ नोव्हेंबर

आजपासून मिसळ ८०. फाइल उघडली, ७० चे ८० केले, आज्ञा दिली. लॅपटॉपला दोन मिनिटं लागली, मला अर्धं मिनिट. आठ तारखेला याच एका आकड्यासाठी चार तास गेले होते.

१८ नोव्हेंबर

आज सकाळी एका गिऱ्हाइकाने पैसे देताना फोन काढून दाखवला. त्यात मिसळ ₹७०. मामांनी आठ तारखेला ग्रुपवर टाकलेला तोच जुना व्हिडिओ, तीन ग्रुप फिरून त्याच्याकडे आलेला. आत्तीने काही न बोलता सत्तरच घेतले. दुपारपर्यंत असे आणखी दोघे आले.

ग्रुपवरचा मूळ मेसेज आता सगळ्यांकडून पुसताही येत नाही, आणि पुढे गेलेल्या प्रतींवर आपला काहीच ताबा नाही. दर वेगळ्या फाइलीत ठेवल्याने माझं काम सोपं झालं, पण लोकांच्या फोनातला दर बदलला नाही.

म्हणून आता दोन व्हिडिओ केलेत. स्टेटसचा दरांसकट, कारण तो चोवीस तासांत आपोआप जातो आणि रोज नवा लावता येतो. ग्रुपवर फिरवायचा दरांशिवाय, त्यात फक्त नाव, पदार्थ आणि पत्ता. आणि स्टेटसच्या व्हिडिओतही `dar.ass` मध्ये वर डाव्या कोपऱ्यासाठी `Tarikh` नावाची शैली आणि पूर्ण तीस सेकंद राहणारी एक ओळ वाढवली, कुणी स्क्रीनशॉट काढला तरी त्यात तारीख यावी म्हणून:

```
Dialogue: 0,0:00:00.00,0:00:30.00,Tarikh,,0,0,0,,दर १५ नोव्हेंबरपासून
```

आत्तीचं म्हणणं, पुढच्या महिन्यात चहा बारा करायचाय.